घरच्या फोटोवरून लहान मुलांसाठी रंगवायचे पान: रेघ कुठे काढायची आणि कुठे सोडायची

प्रश्न: माझी भाची पुढच्या महिन्यात चार वर्षांची होईल. आजोळच्या ओसरीवर काढलेल्या फोटोवरून तिच्यासाठी रंगवायचे एक पान करायचे आहे. बाकावर आजी-आजोबा, आजीच्या मांडीवर भाची, मागे ताई, भाऊजी आणि मी उभे आहोत. मोबाइलमधल्या दोन अॅपमधून रेखाचित्र करून पाहिले. आईच्या साडीत नुसते काळे ठिपके आले, भाऊजींचे केस मागच्या दारात विरघळले आणि टॅबवर एका ठिकाणी रंग ओतला की तो पानभर पसरतो. स्वच्छ, बंद आकार कसे मिळवावेत? मला चित्रकला येत नाही.

उत्तर:

मुलांच्या रंगवायच्या पुस्तकांसाठी आणि उपक्रमपुस्तिकांसाठी रेखाटने करणे हे माझे गेल्या अनेक वर्षांचे काम आहे. तुमच्या प्रश्नात तीन तक्रारी दिसत असल्या तरी त्यांचे मूळ एकच आहे. अॅप फोटोमध्ये माणसे शोधत नाही, ते शेजारशेजारच्या ठिपक्यांमधला उजेडाचा फरक शोधते. जिथे फरक मोठा असेल तिथे ते रेघ काढते आणि जिथे फरक नसेल तिथे काढत नाही. साडीच्या काठात जरीचा प्रत्येक धागा चमकतो, म्हणून तिथे शेकडो रेघा येतात. भाऊजींचे काळे केस आणि मागचे काळपट सागवानी दार यांचा उजेड जवळजवळ सारखा असतो, म्हणून तिथे एकही रेघ येत नाही. अॅपची सेटिंग बदलून दोन्ही दोष एकदम जात नाहीत, कारण केसांची रेघ मिळावी म्हणून संवेदनशीलता वाढवली की साडीचा चिवडा होतो आणि साडी स्वच्छ व्हावी म्हणून ती कमी केली की केसांबरोबर कान आणि हनुवटीही जातात.

मुलासाठी लागणारी रेघ वेगळ्या कारणाने काढायची असते. हातातला खडू जिथे बदलायचा तिथे रेघ असावी, एवढाच माझा नियम आहे. आजीच्या गालावर पडलेली सावली फोटोत ठळक दिसते, पण सावलीपाशी खडू बदलत नाही, म्हणून तिथे रेघ नको. केस आणि दार यांच्यात फोटोत काहीच दिसत नाही, पण तिथे खडू बदलतो, म्हणून तिथे रेघ हवीच. हा निर्णय फोटो पाहून माणसालाच घ्यावा लागतो. त्याला चित्रकला लागत नाही, कारण फोटो खाली ठेवून वरून गिरवायचे असते, पण काय गिरवायचे नाही हे ठरवायला वेळ द्यावा लागतो. सहा जणांच्या फोटोसाठी पहिल्या वेळी तुमचे चार-पाच तास सहज जातील असे धरा.

आता काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. मूल मेणाच्या खडूने रंगवणार, तेली खडूने, स्केचपेनने की टॅबवर, यावर रेघेची जाडी आणि आकाराचा लहानपणा ठरतो. पाच-सहा वर्षांच्या मुलाला जे चालते ते चार वर्षांच्या मुलाला चालत नाही. कागदावर रेघेत केसाएवढी फट राहिली तर मेणाचा खडू तिथून गळत नाही, मात्र टॅबवर तेवढी फटही पान बुडवायला पुरते. तुम्ही दोन्ही माध्यमांचा उल्लेख केला आहे, म्हणून मी टॅबची कडक अट पाळणारी पद्धत सांगतो. ती कागदालाही चालते.

आधी मापे पाहू. साधा मेणाचा खडू सुमारे ८ मिमी जाड असतो आणि झिजल्यावर त्याच्या टोकाचा पट्टा ५-६ मिमी रुंद उमटतो. चार वर्षांच्या मुलाचा हात मनगटातून कमी आणि खांद्यातून जास्त हलतो. त्यामुळे त्याच्यासाठी मी रंगवायचा सर्वांत लहान आकारही १२ ते १५ मिमीपेक्षा अरुंद ठेवत नाही. छापलेल्या पानावर करंगळीचे टोक टेकवून पाहावे. ते आकारात मावले तर आकार ठेवावा. मावले नाही तर तो शेजारच्या आकारात मिसळून टाकावा किंवा सरळ काळा भरून टाकावा. रेघेची जाडी या वयासाठी २ मिमी असावी. तेली खडू असतील तर अडीच मिमीही चालेल, कारण तेली खडू बारीक रेघ झाकून टाकतो आणि मग मुलाला स्वतःचेच चित्र सापडत नाही.

या मापांवरून तुमचा फोटो पानात किती घ्यायचा हे ठरते. पान आडवे ए-४ धरले आणि चारही बाजूंना १० मिमी समास सोडला तर उंचीला १९० मिमी उरतात. उभ्या माणसांच्या डोक्यापासून बाकाच्या पायांपर्यंत सगळा फोटो घेतला तर प्रत्येकाचे डोके जेमतेम २६ मिमी उंच येते आणि डोळा साडेतीन मिमीचा होतो. तोच फोटो बसलेल्यांच्या गुडघ्यांपाशी कापला तर डोके ३५ मिमीपर्यंत जाते. पाय कापण्याचा मोह टाळू नका, फरशी आणि चपला यांत कोणाला रस नसतो. कापल्यावर मात्र पानाभोवती एक चौकट काढा, कारण धोतर आणि साडी खाली कुठेतरी संपावी लागते आणि चौकटीची खालची रेघच त्या आकारांना बंद करते. मुलांच्या चित्रांत डोकी शरीराच्या मानाने थोडी मोठी काढायची पद्धत आहे. मीही गिरवून झाल्यावर प्रत्येक डोके पाव पटीने मोठे करतो. ३५ चे ४४ मिमी होतात, चेहऱ्यात हात फिरवायला जागा मिळते आणि ओळख बिघडत नाही.

बंद आकारांचे खरे उत्तर पुढे आहे. नवखा माणूस रेघा काढत जातो आणि प्रत्येक रेघ दुसरीला नीट चिकटली की नाही हे तपासत बसतो. पन्नास आकारांच्या पानात असे शंभरेक सांधे असतात आणि त्यांतला एखादा हमखास सुटतो. त्याऐवजी रेघा काढूच नका, कागदाचे कपटे कापल्यासारखे पूर्ण आकार काढा. प्रत्येक आकार आतून पांढरा, कडेने काळा आणि स्वतःपुरता पूर्ण बंद असावा. मग ते आकार एकावर एक ठेवायचे. पुढचा पांढरा आकार मागच्याला झाकतो, त्यामुळे मागच्याची रेघ पुढच्याच्या कडेला आपोआप येऊन थांबते. आजोबांचा खांदा भाऊजींच्या शर्टासमोर आहे ना? मग भाऊजींचा शर्ट आजोबांच्या खांद्याच्या आत दोन-तीन सेंटिमीटर शिरू द्या आणि आजोबांचा खांदा त्यावर ठेवा. सांधा तयारच होत नाही, म्हणून तो सुटतही नाही.

मी हे इंकस्केप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये करतो. फोटो एका थरावर ठेवून तो थर कुलूपबंद करावा आणि त्यावर दुसरा थर घेऊन त्याची अपारदर्शकता ५० टक्क्यांवर आणावी, म्हणजे पांढरे आकार काढत असतानाही खालचा फोटो दिसत राहील. शेवटी ती पुन्हा १०० करावी. B दाबले की पेन मिळते. क्लिक करून ओढले की वळण तयार होते आणि जिथून सुरुवात केली त्याच बिंदूवर पुन्हा क्लिक केले की आकार बंद होतो. Fill and Stroke या चौकटीत आत पांढरा, कडेला काळा, जाडी २ मिमी आणि कोपऱ्यांचा जोड गोल ठेवावा. आकार वरखाली करण्यासाठी Page Up आणि Page Down या कळा आहेत. एखादा आकार चुकून उघडा राहिला तर तो लगेच ओळखता येतो, कारण पांढरा रंग भरलेला दिसतो पण एका बाजूला काळी कडच नसते.

दोन सवयी येथेच लावून घ्या. पहिली म्हणजे कमी बिंदू. चेहऱ्याला सहा-आठ बिंदू पुरतात. पंचवीस टाकले तर रेघ थरथरलेली दिसते आणि आजी आजारी वाटू लागते. दुसरी म्हणजे डोके मोठे करण्याआधी आकाराबरोबर कडेची जाडी वाढवणारे बटण बंद करणे. बाण निवडल्यावर वरच्या पट्टीत ते दिसते. ते चालू राहिले तर डोक्यांच्या रेघा अंगाच्या रेघांपेक्षा जाड होतात आणि पान दोन वेगळ्या हातांनी काढल्यासारखे दिसते.

तुमच्या फोटोत आकारांचा क्रम मागून पुढे असा लागेल: चौकट आणि भिंत, मग दार, मग मागचे तिघे, मग बाक, मग आजोबा आणि आजी, मग भाची आणि सगळ्यांच्या वर आजीचे हात. हे हात विसरले जातात. आजीने नातीला मांडीवर घेतले असेल तर आजीचे शरीर नातीच्या मागे आणि हात नातीच्या पुढे असतात. आजी एकाच आकाराची केली तर नात तरी हरवते किंवा हात तरी. म्हणून हात वेगळे काढून शेवटी वर ठेवायचे. हाताची बोटे सुटी काढू नका. मिटलेली पाच बोटे ४ मिमीचे पाच पट्टे होतात आणि त्यांत कोणताच खडू मावत नाही. हातमोजा घातल्यासारखा एक आकार आणि वेगळा अंगठा, एवढा हात मुलांना पुरतो.

केसांसाठी एक युक्ती आहे. चेहरा पूर्ण लंबगोल काढा, कपाळाच्याही वर जाऊ द्या आणि केसांचा आकार त्यावर टोपीसारखा ठेवा. केसांची खालची कड हीच मग कपाळाची रेघ होते. ताईचे केस मोकळे असतील तर दोन आकार लागतील, मानेमागे एक आणि डोक्यावर एक. भाऊजींचे केस फोटोत दिसतच नाहीत असे तुम्ही म्हणता. त्यासाठी त्याच फोटोची एक प्रत मोबाइलमध्येच भरपूर उजळवून शेजारी उघडी ठेवा. ती कुरूप दिसेल, पण अंधारात बुडालेली कड त्यात सापडते. तरीही सापडली नाही तर अंदाजाने काढा. कानाच्या वरच्या टोकापासून कपाळाच्या मध्यापर्यंत केस कसे जातात हे भाऊजींना समोर बसवूनही पाहता येते. केस काळे भरून टाकू नका. सुरुवातीच्या काळात एका कुटुंबासाठी केलेल्या पानात मी सगळ्यांचे केस काळे भरले होते, कारण तसे चित्र उठावदार दिसत होते. त्या घरातल्या मुलीने पान परत आणून विचारले, "आजीचे केस तुम्हीच का रंगवले? ते पांढरे आहेत."

आता चेहरे, कारण पान बिघडते ते येथेच. फोटोतला चेहरा गिरवताना माणूस दिसेल ती प्रत्येक रेघ काढतो: नाकाच्या दोन्ही बाजू, नाकापासून ओठांच्या कडेपर्यंतच्या सुरकुत्या, डोळ्यांखालच्या पिशव्या, प्रत्येक दात. फोटोत या सगळ्या मऊ छटा असतात, पण २ मिमीच्या काळ्या रेघेत त्यांच्या खाचा होतात. तीस वर्षांची ताई सत्तरीची दिसते आणि आजी ओळखूच येत नाही. म्हणून चेहऱ्यावर मी फारच थोडे ठेवतो. नाकाची फक्त खालची कड, एका लहान वळणाने. डोळे म्हणजे दोन भरीव काळे लंबगोल, कारण साडेचार-पाच मिमीच्या डोळ्यात बुबुळ वेगळे रंगवता येत नाही. भुवया एकेका रेघेच्या. तोंड हसरे असेल तर एकच वाकडी रेघ आणि दात दिसत असतील तर दातांचा एक पांढरा पट्टा, मधल्या रेघांशिवाय. या रेघा कुठल्याच आकाराला बंद करत नाहीत आणि त्यांनी तसे करूही नये. त्या खुणेच्या रेघा आहेत, कुंपणाच्या नाहीत. बाहेरच्या कडा २ मिमीच्या असतील तर या दीड मिमीच्या ठेवा आणि त्यांची टोके गोल ठेवा. खुणेची रेघ कुंपणाला टेकू देऊ नये, निदान ३ मिमी अलीकडेच संपवावी, नाहीतर गालाचे दोन तुकडे होतात आणि मूल एक गाल गुलाबी आणि दुसरा हिरवा करते. यात वाईट काहीच नाही, पण तुम्हाला तसे अभिप्रेत नव्हते.

मग आजोबा ओळखू कसे येणार? लहान मुले माणसाला नाकडोळ्यांपेक्षा त्याच्या ठळक खुणांनी आधी ओळखतात असा माझा अनुभव आहे. आजोबांची टोपी, चष्मा आणि मिशा, आजीचे कुंकू आणि अंबाडा, ताईची एका बाजूला घेतलेली वेणी, भाऊजींची दाढी, कोण उंच आणि कोण बुटके, कोण कोणाकडे कललेले आहे, या गोष्टी जपा. त्यांच्यासाठी माप थोडे मोडले तरी चालेल. चष्म्याच्या काचा फोटोत डोळ्याहून थोड्याच मोठ्या असतात. चित्रात त्या १४-१५ मिमीच्या करा, म्हणजे काचेत डोळ्याचा काळा ठिपका आणि त्याभोवती रंगवण्याजोगी जागा दोन्ही बसतात. मिशा बंद आकाराच्या करा, रेघांच्या नकोत. कुंकू फोटोच्या प्रमाणात ३ मिमीचेही येणार नाही, मी ते ८ मिमीचे करतो. करंगळीचा नियम येथे मोडतो हे मला मान्य आहे. पण लाल खडूचे टोक एकदा टेकवले की काम झाले, त्यात रेघेच्या आत राहण्याची कसरत नाही.

साडीबद्दल तुम्ही खास विचारले आहे. काठपदराच्या साडीतून मी फक्त तीन गोष्टी घेतो: अंग, काठ आणि पदर. काठ हा १२ ते १५ मिमी रुंदीचा एक सलग पट्टा असावा. फोटोत तो अरुंद असेल तरी रुंद करावा, कारण साडीचा रंग एक आणि काठाचा दुसरा ही गंमत मुलांना फार लवकर कळते. अंगावरचे बुट्टे सगळे काढून टाकावेत. अगदीच चुकल्यासारखे वाटत असेल तर पदरावर १५ मिमीच्या दोन-तीन कुयऱ्या ठेवाव्यात, त्याही आत काही नक्षी न काढता. निऱ्या बसलेल्या माणसाच्या गुडघ्यांवरून खाली पसरतात, त्या फोटोत दहा-बारा दिसल्या तरी चित्रात तीन पुरतात. त्या खालच्या चौकटीपासून सुरू करून मांडीपर्यंत जाण्याआधीच विरून जाऊ द्याव्यात, म्हणजे त्या खुणेच्या रेघा राहतात आणि साडीचे लांबट तुकडे पडत नाहीत. सहा-सात वर्षांच्या मुलासाठी मी याच्या उलट करतो, निऱ्या वरपर्यंत नेऊन बंद पट्टे करतो, कारण त्या वयात एकाआड एक रंग भरायला आवडते. शर्टाच्या चौकडीबद्दल मात्र कोणत्याही वयात माझे मत एकच आहे: ती काढून टाका. मंगळसूत्राची एक रेघ आणि बांगड्यांचा एक जाड पट्टा एवढे दागिने पुरे.

सगळे आकार रचून झाले की दोन दोष डोळ्यांत तेल घालून शोधावे लागतात. पहिला दोष दुहेरी रेघेचा. भाऊजींच्या शर्टाची कड आणि आजोबांच्या टोपीची कड फोटोत एकमेकींना लागून जात असतील आणि तुम्ही दोन्ही तशाच गिरवल्या असतील तर कुठे ४ मिमीची काळी पट्टी दिसते आणि कुठे दोन रेघांमध्ये पांढरी फट राहते. उपाय असा की मागचा आकार पुढच्याच्या बराच आत घुसवावा किंवा त्याच्यापासून अंगठ्याएवढा दूर सरकवावा, पण तो नुसता टेकलेला ठेवू नये. दुसरा दोष फटींचा. ताई आणि भाऊजी यांच्या खांद्यांमधून भिंतीचा ५-६ मिमीचा त्रिकोण दिसतो, आजोबांचा हात आणि कंबर यांच्यामध्ये दाराची चिंचोळी पट्टी अडकते. फोटोशी प्रामाणिक राहायचे म्हणून नवखे लोक हे तुकडे ठेवतात. मूल तिथे अडते, कारण तो तुकडा कोणाचा हे त्याला कळत नाही. येथे आपल्या पद्धतीचा दुसरा फायदा दिसतो. सगळी माणसे सुटी असल्यामुळे भाऊजींना एकत्र निवडून ८-१० मिमी डावीकडे सरकवले की त्रिकोण नाहीसा होतो. आजोबांचा हात कमरेला चिकटवून टाकला की पट्टीही जाते. कुटुंबात कोणाची तक्रार आल्याचे मला आठवत नाही.

मागच्या भागाला फार वेळ देऊ नका. भिंत, दाराची चौकट आणि दार एवढे तीन-चार मोठे आकार पुरे आहेत. खुंटीवरच्या पिशव्या, विजेचे मीटर आणि कॅलेंडर यांना रजा द्यावी.

आता तपासणी. थराची अपारदर्शकता १०० करून पान पांढऱ्या पार्श्वभूमीसह ३०० डीपीआयवर पीएनजी करून घ्या. आडवे ए-४ पान ३५०८ बाय २४८० ठिपक्यांचे होते आणि २ मिमीची रेघ त्यात साधारण २४ ठिपक्यांची येते. ते गिंप या मोफत चित्रसंपादन सॉफ्टवेअरमध्ये उघडून रंग ओतायच्या बादलीने प्रत्येक आकारात वेगळा रंग ओता. आकार मोजतही जा. रंग दुसऱ्या आकारात गळला तर त्या दोघांमध्ये कुठेतरी एखादा आकार उघडा आहे किंवा खुणेची रेघ कुंपण समजून काढली गेली आहे. गळला नाही पण रेघेच्या कडेने बारीक पांढरी किनार उरली तर तो दोष तुमचा नाही. रेघेच्या कडेला करड्या रंगाचे मऊ ठिपके असतात आणि बादली त्यांच्याआधीच थांबते. तिची सहनशीलता वाढवली की किनार जाते.

मी तुमच्या वर्णनावरून आकार मोजून पाहिले. आजी आणि आजोबा यांचे प्रत्येकी नऊ, भाचीचे आठ, मागच्या तिघांचे प्रत्येकी सहा आणि पार्श्वभूमी व बाक मिळून सात, असे एकूण ५१ होतात. पाच-साडेपाच वर्षांच्या मुलाला हे पान छान आहे. चार वर्षे पूर्ण होणाऱ्या मुलीसाठी मी तीस-पस्तीसच्या पुढे जात नाही, कारण या वयात पान एका बैठकीत पुरे झाले नाही तर ते बहुतेक वेळा अर्धेच राहते. म्हणून माझा सल्ला असा की गिरवताना सहाही जणांना एकदाच गिरवा, पण पाने दोन करा. पहिल्या पानावर आजी, आजोबा आणि त्यांच्यामध्ये भाची, उभ्या ए-४ वर. आकार ३३ होतात, आणि मागची माणसे गेल्यामुळे उरलेल्यांना वाढवता येते, डोकी पन्नास मिमीच्या आसपास जातात. दुसऱ्या पानावर तुम्ही तिघे. तेथे एक अडचण येईल. पुढची माणसे वगळली की तुमचे कमरेखालचे अंग नाहीसे होते, कारण ते फोटोत कधी नव्हतेच. म्हणून सुरुवातीलाच मागच्या तिघांना कमरेपर्यंत अंदाजाने पूर्ण गिरवा आणि त्यांच्यापुढे पानभर रुंद असा ओसरीचा कठडा ठेवा. कठड्यावर एक मांजर बसवले तर भाचीचा तिघांकडे पाहण्याचा उत्साह वाढेल. मांजर फोटोत नसले तरी चालते.

संगणक नको असेल तर हेच काम बटर पेपरवर होते. फोटो ए-४ आकारात छापून खिडकीच्या काचेवर चिकटवा, त्यावर बटर पेपर लावा आणि दिवसाउजेडी गिरवा. येथे मागचा आकार झाकणारा पांढरा रंग नसतो, म्हणून क्रम उलटा करावा लागतो. आधी आजीचे हात, मग भाची, मग आजी-आजोबा आणि शेवटी मागची मंडळी, प्रत्येक नवी रेघ आधीच्या रेघेला नीट टेकेपर्यंत. आधी पेन्सिल, मग मार्कर, आणि मार्करची रेघ बारीक असेल तर ती दोनदा फिरवावी. टॅबवर वापरायचे असेल तर ते ३०० डीपीआयवर स्कॅन करून गिंपमध्ये Colors आणि त्याखाली Threshold वापरून शुद्ध काळे-पांढरे करावे आणि मग बादलीची तपासणी करावी. या पद्धतीत फटी सापडतीलच. त्या ब्रशने एकेक बुजवाव्या लागतात आणि माणसे सरकवायची सोय मिळत नाही.

छापताना प्रिंटरच्या चौकटीत मूळ आकार किंवा १०० टक्के निवडा. पानात बसवण्याचा पर्याय निवडला तर चित्र थोडे लहान होते आणि काळजीपूर्वक राखलेली मापे घसरतात. मेणाच्या खडूंना झेरॉक्सचा साधा ७५ जीएसएमचा कागद चालतो, स्केचपेन असतील तर १०० ते १२० जीएसएमचा घ्या आणि एकाच बाजूला छापा. शाईच्या प्रिंटरवर छापलेली काळी रेघ पाण्याच्या रंगांनी आणि स्केचपेनने फिसकटू शकते आणि पिवळ्या रंगात काळा ओघळ शिरतो, म्हणून शक्य असेल तर लेझर प्रिंटरवर छापा किंवा एक प्रत काढून कोपऱ्यातल्या झेरॉक्सच्या दुकानातून पुढच्या प्रती करून घ्या. पाच-सहा प्रती काढाव्यात. पहिल्या प्रतीवर भाची काय करते ते बाजूला बसून पाहा. ती कुठे थांबून "हे काय आहे?" असे विचारते ते आकार लिहून ठेवा, आणि वाढदिवसाच्या प्रती त्यांत दुरुस्ती करूनच छापा.